पावणेचार टक्क्यांचं एटीएम

क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख पैसे काढू नयेत, हे सांगणाऱ्या रील्सचा सध्या पाऊस आहे. पाठीमागे पुस्तकांचं कपाट, हातात माइक आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष: असं करणारा माणूस आर्थिक साक्षर नाही. खाली कमेंटमध्ये लोक त्याहून सरळ शब्द वापरतात. ‘अटी वाचायच्या होत्या ना!’ हे वाक्य तर दर दहा कमेंटींमागे एकदा येतंच.

माझं भांडण या वाक्याशी आहे. महाग पडतं हे खरंच आहे, आणि किती महाग पडतं ते मी खाली पैशापैशानं मांडणार आहे. पण या महागाईतला काही भाग रास्त आहे आणि काही भाग निव्वळ गप्प बसून केलेली वसुली आहे. रील्सवाले दोन्ही एकाच पिशवीत कोंबतात आणि पिशवी कार्डवाल्याच्या डोक्यावर ठेवतात. ती पिशवी उघडून बघायला हवी.

आधी हिशेब. माझ्या ऑफिसमधला एक ज्युनिअर, वय चोवीस, लातूरकडचा. हिंजवडीत नोकरी लागली, वाकडला खोली मिळाली. घरमालक काकांना डिपॉझिटचे वीस हजार रोख हवे होते, तेही त्याच संध्याकाळी, नाहीतर दुसरा भाडेकरू तयार होता. तारीख २२ जून. पगाराला आठवडा बाकी, खात्यात आठ हजार. बँकेच्या ॲपवर कार्डाच्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: उपलब्ध कॅश लिमिट ४०,००० रुपये. पोरगा एटीएमवर गेला. मशीन एका वेळी दहा हजारच देत होतं, म्हणून दोनदा काढले. मशीननं पैसे दिले, पावती दिली, मोबाइलवर मेसेज आला की एवढे एवढे काढले गेले, एवढं लिमिट शिल्लक. खर्चाचा एक शब्द कुठेही नाही.

आता त्या संध्याकाळी काय काय घडलं ते बघू. बहुतेक मोठ्या भारतीय बँकांच्या दरपत्रकात रोख काढण्याचं शुल्क रकमेच्या अडीच टक्के असतं, पण किमान ५०० रुपये. वीस हजारांवर अडीच टक्के म्हणजे बरोबर पाचशे. पण त्यानं पैसे दोनदा काढले. दहा हजारांवर अडीच टक्के होतात अडीचशे, ते किमान मर्यादेपेक्षा कमी, म्हणून प्रत्येक वेळी पाचशे. शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५९० अधिक ५९०, एकूण १,१८० रुपये. मशीनच्या नोटांच्या मर्यादेपायी शुल्क दुप्पट झालं. पोराला हे तेव्हा ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

हे झालं शुल्क. व्याज वेगळं. त्याच्या कार्डाचा दर महिना ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. वीस हजारांवर दिवसाला साधारण २४ रुपये ६६ पैसे. इथे आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, गृहकर्ज असो की वैयक्तिक कर्ज. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र लागतो. त्यामुळे २४.६६ चे होतात २९ रुपये १० पैसे, आणि ४५ टक्क्यांचे प्रत्यक्षात ५३.१ टक्के. हे मीटर २२ जूनच्या संध्याकाळपासूनच सुरू झालं.

त्याचं बिल दर महिन्याच्या २० तारखेला बनतं आणि ९ तारखेपर्यंत भरायचं असतं. २० जुलैच्या बिलात २८ दिवसांचं व्याज लागलं, जीएसटीसह सुमारे ८१५ रुपये. बिल आलं २१,९९५ रुपयांचं. तो दचकला, पण मुकाट्यानं ९ ऑगस्टला, शेवटच्या दिवशी, पूर्ण भरून मोकळा झाला. निदान त्याला तसं वाटलं. २० ऑगस्टच्या बिलात आणखी ५८२ रुपये आले. का? कारण २० जुलै ते ९ ऑगस्ट या वीस दिवसांत मीटर चालूच होतं. बिल बनलं म्हणून व्याज थांबत नाही, पैसे भरल्यावर थांबतं.

बेरीज करा. वीस हजार रुपये ४८ दिवस वापरले, त्याचे पडले २,५७७ रुपये. जवळपास १३ टक्के. वर्षाच्या हिशेबात बसवलं तर ९८ टक्के. (दिवस मोजण्याच्या पद्धतीत बँकेगणिक एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण गोष्ट बदलत नाही.)

त्याच संध्याकाळी त्यानं त्याच कार्डावर वीस हजारांचा फ्रिज घेतला असता, मागची काही थकबाकी नसती आणि ९ ऑगस्टलाच पूर्ण बिल भरलं असतं, तर त्याला पडले असते शून्य रुपये.

कार्ड तेच, रक्कम तीच, फेडलं त्याच दिवशी. एकीकडे शून्य, दुसरीकडे २,५७७. तांत्रिक बाजूनं पाहिलं तर हा फरक एका आकड्याचा आहे. कार्ड कुठेही चालवलं की बँकेकडे जो संदेश जातो त्याचा आराखडा ISO 8583 या मानकानं ठरवलेला असतो. त्यातल्या तिसऱ्या रकान्यात व्यवहाराचा प्रकार सहा अंकांत लिहिलेला असतो.

```
DE 3 = 000000
DE 3 = 010000
```

पहिला संदेश खरेदीचा, दुसरा रोख काढण्याचा. शून्याच्या जागी एक आला की बँकेच्या प्रणालीत तुमची रक्कम वेगळ्या खणात पडते. त्या खणाला शुल्क वेगळं, आणि बिनव्याजी दिवस शून्य. म्हणजे बँकेच्या संगणकाला पहिल्या क्षणापासून पक्कं ठाऊक असतं की हा व्यवहार महागडा आहे. ठाऊक नसतं ते फक्त मशीनसमोर उभ्या माणसाला.

आता बँकेची बाजू. ती मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण अर्धी बाजू मला पटते. फ्रिजच्या खरेदीत बँक ४८ दिवस फुकट पैसे का वापरू देते? धर्मादाय म्हणून नाही. तिथे दुकानदार पैसे मोजतो. वीस हजारांच्या फ्रिजमागे दुकानदाराच्या हातात पूर्ण वीस हजार पडत नाहीत, दीड-दोन टक्क्यांच्या आसपास कापून जातात, आणि त्यातला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. तुमच्या बिनव्याजी दिवसांचं बिल दुकानदार भरतो, आणि तो ते शेवटी वस्तूंच्या किमतीत मिसळतो. एटीएमसमोर असा तिसरा माणूस नसतो. तिथे कापायला कुणी नाही. उलट एटीएम दुसऱ्या बँकेचं असेल तर आपल्या बँकेलाच त्या बँकेला पैसे द्यावे लागतात.

शिवाय रोख पैशांवरही पन्नास दिवस व्याज नसतं तर काय झालं असतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. आपल्याच ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी कार्डावरून लाखभर काढून एफडीत टाकले असते आणि त्याचा व्हिडिओही केला असता. तेव्हा रोखीवर पहिल्या दिवसापासून व्याज, या तत्त्वाशी माझं भांडण नाही. कर्ज घेतलं, दिवस मोजले, व्याज दिलं. ठीक.

पण मग शुल्क कशाचं? व्याज हा पैसे वापरण्याचा मोबदला असेल, तर शुल्क हा व्यवहाराच्या खर्चाचा मोबदला असायला हवा. एका बँकेचं डेबिट कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चाललं की मशीनवाल्या बँकेला जे शुल्क मिळतं, ते १ मे २०२५ पासून १९ रुपये आहे. मशीन तेच, नोटा त्याच, वीजही तीच. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात थोडा जास्त खर्च येतो असं धरू. एकोणीसचे पन्नास करा, शंभर करा. पाचशे कुठून आले?

यावर उत्तर येतं ‘जोखीम’. कार्डावर रोख काढणारा माणूस बहुतेकदा अडचणीत असतो, बुडवण्याची शक्यता जास्त, म्हणून दर जास्त. बरं. पण जोखीम रकमेबरोबर वाढते आणि दिवसांबरोबर वाढते. तिची किंमत व्याजात धरता येते, आणि ४५ टक्क्यांत ती भरपूर धरलेली आहे. किमान पाचशेचं शुल्क मात्र रकमेकडे बघतही नाही. वीस हजारांच्या खाली तुम्ही काहीही काढा, शुल्क पाचशेच. तीन हजार काढणाऱ्याला जीएसटीसह ५९० म्हणजे जवळपास वीस टक्के, तेही काढल्याक्षणी. दोन हजार काढणाऱ्याला साडेएकोणतीस टक्के. पन्नास हजार काढणाऱ्याला मात्र जीएसटीसह तीन टक्क्यांच्याही आत. ज्याला सगळ्यात कमी पैसे लागले, त्याच्याकडून सगळ्यात जास्त दर. जोखमीचा हिशेब असा असता तर पन्नास हजारवाला जास्त जोखमीचा ठरला असता. हा जोखमीचा हिशेब नाही. रात्री साडेअकराला औषधाच्या दुकानाबाहेर उभ्या माणसाला पर्याय नसतो, याचा हा हिशेब आहे.

गावाकडे कर्जाची भाषा वेगळी असते. ‘तीन टक्क्यांनी घेतले’ असं कुणी म्हटलं तर ते वर्षाचे तीन टक्के नसतात, महिन्याचे असतात. ऐकणाऱ्याला ते कळतं, कारण सावकाराचा दर महिन्यावरच चालतो. बँकांनी आपल्याला वर्षाच्या दराची सवय लावली: गृहकर्ज साडेआठ, एफडी सात. आणि मग त्याच बँकांनी कार्डाच्या कागदावर, तेवढ्याच एका जागी, हळूच महिन्याचा दर पुढे केला. ३.७५. गृहकर्जाच्या शेजारी तो निम्म्याहून कमी दिसतो. पावणेचार टक्क्यांनी पैसे घेतलेस का, असं आजोबांनी विचारलं असतं तर पोराच्या लगेच लक्षात आलं असतं.

सावकाराचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. महाराष्ट्रात सावकारीचं नियमन करणारा २०१४ चा कायदा आहे. त्याखाली राज्य सरकारनं परवानाधारक सावकारासाठी व्याजाची कमाल मर्यादा ठरवली. शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला १८ टक्के. महिन्याला दीड टक्का. याच्यावर घेतलं तर ते बेकायदा. बँका या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या कार्डाच्या दरावर एक मर्यादा होती खरी. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. दर ठरवणं हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, आयोगाचा नाही, असा त्याचा रोख. कायद्याच्या दृष्टीनं त्यात तथ्य असेलही. पण परिणाम असा की वाकडमधल्या परवानाधारक सावकाराला दीड टक्क्याच्या वर जाता येत नाही, आणि त्याच्या गाळ्याशेजारच्या एटीएमला पावणेचार चालतात.

दर कमी करा, अशी मागणी मी इथे करत नाहीये. ती लांबची लढाई आहे. माझी मागणी फार छोटी आहे: पैसे हातात येण्याआधी किंमत सांगा.

‘अटींमध्ये लिहिलेलं असतं’ हे उत्तर मला चालणार नाही. लिहिलेलं असतं, हे मान्य. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार खरेदी, रोख, थकबाकी अशा वेगवेगळ्या प्रसंगांचे वार्षिक दर बँकेनं उदाहरणासह सांगायचे असतात. ते कार्ड येतं त्या दिवशी लिफाफ्यात येतात. पोरानं कार्ड घेतलं दीड वर्षापूर्वी, कॉलेजच्या प्लेसमेंटनंतर, पगाराच्या खात्यासोबत. पैसे काढले आज. माणसाला किंमत हवी असते ती खरेदीच्या वेळी. हॉटेलवाला मेन्यूकार्ड दीड वर्षापूर्वी कुरिअरनं पाठवत नाही.

आणि हे करता येत नाही असंही नाही. कुठल्याही लोन ॲपवरून आज दहा हजारांचं कर्ज घ्या. सही करण्याआधी तुम्हाला एक पान दाखवावं लागतं, त्यावर सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं ही सक्ती बँकांच्या सगळ्या किरकोळ मुदत कर्जांना लावली. त्याच परिपत्रकात एक छोटं वाक्य आहे: क्रेडिट कार्डाच्या येण्याला हे लागू नाही. खरेदीसाठी ही सूट समजण्यासारखी आहे, वडापावच्या प्रत्येक क्यूआरवर कोण पान उघडून बसणार? पण एटीएममधून काढलेले दहा हजार म्हणजे खरेदी नव्हे. ते निखळ कर्ज आहे. ॲपमधून घेतलं तर पान दाखवावं लागतं, भिंतीतल्या मशीनमधून घेतलं तर नाही.

माझ्या धंद्यातले लोक इथे एक हरकत घेतील, आणि ती बरोबर आहे. मशीन दुसऱ्या बँकेचं असतं, त्याला तुमच्या बँकेचं दरपत्रक माहीत नसतं. मग पडद्यावर शुल्क दाखवायचं कसं? देशभरातली मशीनं बदलत बसायची? गरज नाही. खटका आधीच बसवलेला आहे, फक्त उलटा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं कार्ड येतं तेव्हा ऑनलाइन, परदेशी आणि कार्ड टेकवून करायचे व्यवहार बंद असतात. ते तुम्ही स्वतः ॲपवर जाऊन सुरू करायचे. का? तर त्यात फसवणुकीचा धोका. आणि देशातलं एटीएम? ते पहिल्या दिवसापासून चालू. डेबिट कार्डाला हे योग्यच आहे, तिथे पैसे आपले असतात. क्रेडिट कार्डालाही तोच नियम सरसकट लागला.

तेव्हा क्रेडिट कार्डाची कॅश लिमिट मुळात शून्य ठेवा. ज्याला हवी तो ॲपवर जाऊन सुरू करेल, आणि सुरू करताना त्याला एकच पान दिसू द्या: दहा हजार काढले तर आज लगेच ५९० रुपये, आणि फेडेपर्यंत रोज साडेचौदा रुपये. टक्के नकोत, रुपये सांगा. हे पान बनवायला माझ्यासारखे दोन जण आणि एक आठवडा पुरतो. बनत नाही, कारण ते पाहून निम्मे लोक मागे फिरतील, आणि मागे फिरणाऱ्यांचे पाचशे बुडतील.

तोवर खटका आपल्याच हातात आहे. ॲपमध्ये कार्डाच्या नियंत्रणांत एटीएमचं बटण वेगळं असतं, ते बंद करून ठेवता येतं. ज्याच्या घरात नुकतंच कार्ड आलं आहे अशा भावंडाच्या फोनवरही बघून घ्या.

आणि ज्यानं काढलेच आहेत, त्यानं बिलाची वाट बघू नये. आपल्याला शिकवलेलं असतं की कार्डाचं बिल शेवटच्या तारखेला भरावं. खरेदीसाठी ती शहाणी सवय आहे, रोखीसाठी महागडी. आमच्या पोराचा पगार १ जुलैला झाला होता. त्या दिवशी त्यानं वीस हजार शुल्कासकट कार्डावर भरले असते, तर व्याज लागलं असतं नऊ दिवसांचं, जीएसटीसह २६२ रुपये. ९ ऑगस्टपर्यंत थांबल्यामुळे लागले १,३९७. बिल नसलं तरी कार्डावर पैसे भरता येतात, कधीही. फक्त एक अडचण: कार्डावर खरेदीचीही बाकी असेल तर भरलेली रक्कम आधी कशात वळती होणार, रोखीत की खरेदीत, याचा क्रम प्रत्येक बँकेचा वेगळा आहे. कस्टमर केअरला फोन करून ‘आजच्या तारखेपर्यंतचं व्याज धरून पूर्ण किती’ असा आकडा मागायचा आणि तेवढे भरायचे. अर्धवट भरलं आणि बिलाची पूर्ण रक्कम थकली, तर पुढच्या किराण्यापासून पेट्रोलपर्यंत सगळ्याच खरेदीचे बिनव्याजी दिवस जातात.

पुढचं बिल आलं की दोन ओळी बघायच्या. कॅश ॲडव्हान्स फी किती वेळा लागली आहे, आणि फायनान्स चार्जेस कुठल्या रकमेवर मोजले आहेत. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत मनाई आहे. व्याज वीस हजारांवरच लागलं पाहिजे, २१,१८० वर नाही. वीस हजारांवर २८ दिवसांचे, जीएसटी सोडून, साधारण ६९० रुपये होतात. ७३० दिसले तर बँकेला लेखी विचारायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिला फी नाही. आमच्या पोराच्या बिलात आकडा ६९० चाच होता, म्हणजे नियमात एक पैसाही चूक नव्हती.